मैदानात खेळणाऱ्या पोराचा चष्मा: काच, फायबर की पॉली?

ताई नमस्कार, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, उजव्या डोळ्याचा नंबर -२.५० आणि डाव्याचा -३. रोज संध्याकाळी दीड-दोन तास टेनिस बॉलचं क्रिकेट, सुट्टीत गावाला गेला की विटी-दांडू. एक चष्मा बॉल लागून फुटला, नशीब डोळ्याला काही झालं नाही. आता दुकानदार म्हणतो फायबरच टाका, ८०० मध्ये होईल, पॉली घेतली तर १९००. सासरे म्हणतात काच घ्या, त्यावर चरे पडत नाहीत, त्यांचा काचेचा चष्मा वर्षानुवर्षं टिकला. आणि जाऊबाई म्हणतात पॉलीतून कडेला रंग दिसतात, मुलांना त्रास होतो. कुणाचं ऐकू? - एक आई, सोलापूर

ताई, पॉली, म्हणजे पॉलीकार्बोनेट घ्या. दोन्ही बाजूंना हार्डकोट असलेली, मध्यभागी २ मिलीमीटर जाडीची, आणि पूर्ण गोल रिम असलेल्या प्लास्टिकच्या फ्रेममध्ये. हे एवढं वाचून दुकानात गेलात तरी चालेल, पण तिथे तुम्हाला तीन वेगवेगळ्या गोष्टी ऐकवल्या जाणार म्हणून जरा सविस्तर सांगते, मी स्वतः बरीच वर्षं काउंटरच्या पलीकडे उभी होते त्यामुळे तिकडची भाषा माहितीये.

आधी सासऱ्यांचं बघू, कारण ते चुकीचं बोलत नाहीयेत, फक्त त्यांचा चष्मा वेगळ्या कामाचा होता. काचेवर चरे खरंच सगळ्यात कमी पडतात आणि काचेतून दिसतंही एकदम स्वच्छ. पण मोठ्या माणसाचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो, त्यामुळे लेन्स १० वर्षं टिकली तर त्याचा उपयोग असतो. ९ वर्षांच्या मायनस नंबरच्या पोराचा नंबर सहा महिन्यांनी, वर्षाने बदलतोच बहुतेक वेळा, म्हणजे लेन्स चरे पडून खराब व्हायच्या आधीच ती बाद होणार. मग टिकाऊपणासाठी काच घ्यायची तर तो टिकाऊपणा वापरणार कोण? आणि वजन बघा, त्याच मापाची काच फायबरच्या जवळजवळ दुप्पट जड असते. पोरगं धावलं, घाम आला की चष्मा नाकावरून खाली घसरतो आणि मग ते लेन्सच्या वरून बघत बसतं, घरात पण. नंबर काढायचा कशाला मग.

आणि मुख्य म्हणजे काच फुटते तेव्हा तिचे अणकुचीदार तुकडे होतात आणि ते डोळ्याच्या अगदी समोर, १२-१४ मिलीमीटरवर असतात. अमेरिकेत १९७२ पासून चष्म्याची लेन्स, काचेची असो की प्लास्टिकची, धक्का सहन करणारी असलीच पाहिजे असा नियम आहे आणि तिथे काच त्यासाठी तापवून किंवा रसायनात बुडवून कडक करतात. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात काचेची लेन्स मिळाली तर ती तशी कडक केलेली आहे का हे विचारून बघा, बहुतेकदा उत्तरच मिळणार नाही. खेळणाऱ्या मुलासाठी काच हा विषय इथेच बंद करा, सासऱ्यांना माझं नाव सांगा हवं तर.

आता खरी स्पर्धा फायबर आणि पॉलीची. दुकानात ज्याला फायबर म्हणतात ते साधं प्लास्टिक, त्याचं कारखान्यातलं नाव सीआर-३९. १९४० च्या दशकातलं हे मटेरियल, चांगलं आहे, हलकं आहे, दिसायला काचेइतकंच स्वच्छ. पण ते कडक आणि ठिसूळ असतं. जोरात मार बसला की तडा जातो आणि तुकडे पडतात, काचेइतके धारदार नसले तरी कडा असतातच, तुमच्या मुलाचा फुटलेला चष्मा अजून घरात असेल तर त्या तुकड्याच्या कडेवर हलकेच बोट फिरवून बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल (लेन्स फुटली म्हणजे ती फायबरच असणार, जवळजवळ खात्रीने). पॉलीकार्बोनेट त्याउलट लवचिक असतं. मार बसला की ते आत दबतं, वाकतं, फार झालं तर खड्डा पडतो किंवा पांढरट होतं, पण तुकडे सहसा होत नाहीत. कारखान्यात कामगार घालतात ते सेफ्टी गॉगल, अपोलोच्या अंतराळवीरांच्या हेल्मेटची पुढची काच, ही सगळी याच मटेरियलची.

दुकानदार म्हणेल, फायबर पण टेस्ट पास आहे मॅडम. बरोबर आहे, पण टेस्ट कुठली ते बघा. त्या अमेरिकन नियमातली साधी टेस्ट अशी असते की साधारण १६ ग्रॅमची स्टीलची गोळी १२७ सेंटीमीटरवरून लेन्सवर सोडायची, लेन्स फुटली नाही की पास. २ मिलीमीटरची फायबर ही टेस्ट आरामात पास होते. पण त्या पडत्या गोळीची ताकद किती? ०.२ ज्युल. आता तुमच्या मुलाचा टेनिस बॉल घ्या, वजन साधारण ५८ ग्रॅम, दहा-बारा वर्षांच्या पोराने मारलेला शॉट ताशी ५० किलोमीटरने आला तर साडेपाच ज्युल होतात, म्हणजे टेस्टच्या २५ पटीहून जास्त. आता हे मान्य की टेनिस बॉल मऊ असतो, तो चपटा होतो आणि मोठा असल्यामुळे भुवईचं आणि गालाचं हाड त्यातला बराच मार अंगावर घेतं, सगळी ताकद लेन्सवर येत नाही. पण एवढ्या फरकात साधी टेस्ट पास होणं म्हणजे काहीच सांगितल्यासारखं नाही. सेफ्टी चष्म्यांची कडक टेस्ट वेगळी असते, त्यात सव्वासहा मिलीमीटरच्या आसपासची स्टीलची गोळी सेकंदाला ४५ मीटरच्या वेगाने लेन्सवर मारतात, आणि अशा टेस्टसाठी बनवलेले चष्मे बहुतेक पॉलीचेच असतात, फायबरच्या साध्या लेन्सचे नाहीत.

विटी-दांडूबद्दल मात्र वेगळं बोलायला हवं. टेनिस बॉल डोळ्याच्या खोबणीपेक्षा मोठा असतो म्हणून हाड वाचवतं, विटी दोन्ही टोकांना निमुळती आणि लहान, ती सरळ आत येते. बॅडमिंटनच्या शटलचा बुचाचा भाग पण २५-२८ मिलीमीटरचाच असतो, तो पण खोबणीत बसतो. म्हणजे ज्या खेळात वस्तू लहान आणि वेगाने येते तिथे हाडाचा आधार नाही, सगळं लेन्सवरच. गावाला विटी खेळताना फायबरचा चष्मा घालून समोर झेल घ्यायला उभं राहणं मला अजिबात पटत नाही.

जाडीचा मुद्दा सांगते कारण इथे दुकानात गंमत होते. पॉली विकताना सगळे "पातळ लेन्स" म्हणून विकतात. मायनस नंबरची लेन्स मध्यभागी सगळ्यात पातळ असते आणि कडेला जाड, म्हणजे बुबुळाच्या बरोबर समोरच ती सगळ्यात कमजोर. पॉली मजबूत आहे म्हणून काही लॅब मध्यभागी दीड मिलीमीटर किंवा त्याहून पातळ करून देतात, दिसायला छान दिसतं, आणि ज्यासाठी पैसे दिले ती ताकद कमी होते. तुमच्या मुलाचा जास्तीचा नंबर -३, फ्रेमची लेन्स ४६ मिलीमीटर रुंद धरली तर मध्ये २ ठेवून फायबरची कड साधारण ३.६ मिलीमीटर होते आणि पॉलीची ३.४ च्या आत. म्हणजे पाव मिलीमीटरचा फरक! या नंबरला पातळपणासाठी पॉली घेण्यात काही अर्थ नाही, ताकदीसाठी घ्यायची, म्हणून ऑर्डर देताना स्पष्ट सांगा की सेंटर थिकनेस २ हवी. काउंटरवरचा मुलगा चमकून बघेल, बघू द्या.

जाऊबाईंचा रंगांचा मुद्दा पण खोटा नाही. पॉलीतून तिरकं, कडेच्या भागातून बघितलं की पांढऱ्या-काळ्या कडेला निळसर-तांबूस झालर दिसू शकते, कारण ते मटेरियल वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश जास्त वेगवेगळा वाकवतं. याला अॅबे नंबर म्हणून एक आकडा असतो, जितका जास्त तितकं चांगलं, फायबरचा ५८ आणि पॉलीचा ३०. वाटतं बापरे, अर्ध्यावर आला की. पण हिशोब करून बघू. लेन्सच्या मध्यापासून १ सेंटीमीटर बाजूने बघितलं तर -३ नंबरला जो प्रिझम, म्हणजे प्रकाश बाजूला वळण्याचं माप, तयार होतो तो ३, त्याला अॅबे नंबरने भागायचं, फायबरला उत्तर येतं ०.०५ आणि पॉलीला ०.१. आणि ०.१ च्या आसपासच माणसाला हे जाणवायला लागतं असं धरतात. म्हणजे तुमचा मुलगा बरोबर सीमारेषेवर आहे, डाव्या डोळ्याने अगदी कडेतून, काळ्यापांढऱ्या बोर्डावर मुद्दाम बघितलं तर कदाचित दिसेल, आणि समोर बघताना काहीच नाही. मुलं तसंही मान वळवून बघतात. हेच पोर -६ चं असतं तर ०.२ आलं असतं आणि मग मी पण जरा विचार केला असता, तेव्हा ट्रायव्हेक्स नावाचं आणखी एक मटेरियल असतं, पॉलीसारखं मजबूत आणि नजरेला त्याहून स्वच्छ, पण महाग आणि सगळीकडे मिळत नाही. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही.

फक्त एक करा, लेन्सचा मध्य बुबुळासमोरच आला पाहिजे. त्यासाठी दोन बुबुळांमधलं अंतर, ज्याला पीडी म्हणतात, ते मुलाला समोर बसवून मोजायला लावा, अंदाजाने ६० धरून चालणारी दुकानं असतात. लहान मुलाचं ५४-५५ असेल तर दोन्ही मिळून ५-६ मिलीमीटरचा घोळ झाला, आणि मग पोर सारखंच कडेच्या भागातून बघतं, रंगांचा दोष पॉलीला मिळतो आणि चूक असते मापाची. "पॉलीने डोकं दुखतं" म्हणून परत आलेले चष्मे मी तपासले तेव्हा कितीतरी वेळा पीडीच चुकलेला निघायचा.

चरे. हा पॉलीचा खरा कमकुवतपणा, मटेरियल मऊ आहे, कोटिंगशिवाय नुसती नखानेही ओरखडेल म्हणून हार्डकोट लागतोच, आणि तो पुढून मागून दोन्हीकडे आहे ना हे विचारा. कारण असं की बॉल पुढून लागला की लेन्स आत वाकते आणि ताण मागच्या पृष्ठभागावर येतो, तडा सुरू झाला तर तिथून होतो. त्यामुळे मागच्या बाजूला, म्हणजे डोळ्याकडच्या बाजूला खोल चरा पडलाय तर ती लेन्स बदला, पुढच्या बाजूचे बारीक चरे नजरेला त्रास देतात तेवढंच. मैदानातली धूळ लागलेला चष्मा शर्टाच्या टोकाने कोरडाच पुसणं हे चऱ्यांचं मूळ कारण, आधी नळाखाली धरायचा, लागलं तर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मग मऊ कापड. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर चुकूनही नको, अॅसिटोनने पॉली पांढरी पडून तिला जाळीसारखे तडे जातात, एका ताईंनी स्टिकरचा डिंक काढायला वापरलं होतं आणि लेन्स संध्याकाळपर्यंत गेली. आणि तुमच्या सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका, लेन्सला काही होत नाही पण वरचं कोटिंग तडकतं.

अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग पॉलीवर घ्यायला हरकत नाही, तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ५ टक्के प्रकाश परत फिरतो, फायबरवर ४, त्यामुळे थोडा फरक पडतो. पण ब्लू कटचे जास्तीचे पैसे मागतील ते वाचवा. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटना पण कॉम्प्युटरसाठी ब्लू लाइटचे चष्मे सुचवत नाही, आणि तुमचा मुलगा तर मैदानात आहे.

उन्हाचं मात्र महत्त्वाचं आहे. रोज दीड-दोन तास बाहेर म्हणजे अतिनील किरण डोळ्यात जाणारच आणि मुलांच्या डोळ्याची आतली नैसर्गिक लेन्स मोठ्यांपेक्षा ते जास्त आत जाऊ देते. पॉली हे किरण जवळजवळ सगळेच स्वतःहून अडवते, त्यासाठी वेगळं कोटिंग लागत नाही. साधी फायबर काही अडवते काही सोडते, त्यात वेगळं मिसळलेलं असेल तरच पूर्ण अडतात, आणि साधी काच तर त्यातला लांब लहरींचा भाग बराचसा सोडूनच देते. म्हणजे फायबरवर यूव्ही कोटिंगचे पैसे लावले की किमतीतला फरक तेवढा कमी होतो, हा हिशोब दुकानदार सहसा सांगत नाही.

आता फ्रेम, इथे बरेच लोक चुकतात. लेन्स फुटली नाही पण फ्रेममधून सुटून मागे डोळ्यावर आली तर काय उपयोग. खाली दोरी असलेली अर्धी रिम नको, बिनरिमची तर नकोच, स्क्रूच्या भोकापासून पॉलीला तडे जातात. पूर्ण रिमची, खोल खाचेची, नाकाकडे धातूचे पॅड नसलेली, मागे इलॅस्टिकचा पट्टा लावता येईल अशी घ्या. लेन्स फ्रेममध्ये फार घट्ट दाबून बसवली तर तेही वाईट, कडेला ताण राहतो आणि महिन्या दोन महिन्यांत कोपऱ्यात बारीक तडे दिसतात.

आणि हेही ऐकून ठेवा की एवढं सगळं केलं तरी हा रोजचा चष्मा आहे, खेळाचा गार्ड नाही. टेनिस बॉलपर्यंत ठीक. दोन-तीन वर्षांनी तो अॅकॅडमीत जाऊन सीझन बॉल खेळायला लागला की बॉलचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतं आणि टणक, तिथे जाळीचं हेल्मेट लागतं, चष्म्याच्या भरवशावर राहायचं नाही. रोज बॅडमिंटन किंवा स्क्वॉश खेळायला लागला तर पट्ट्याचा, रबरी गादीचा स्पोर्ट्स गॉगल नंबर टाकून करून घ्या. आणि एक वाक्य ज्यांच्या मुलाचा एक डोळा कमजोर आहे अशा आईवडिलांसाठी, म्हणजे ज्याला आळशी डोळा म्हणतात तसं, तुमच्याकडे पर्यायच नाही, घरात बाहेर कायम पॉली, कारण चांगल्या डोळ्याला काही झालं तर बदली डोळा नाही.

चेहऱ्यावर जोरात बॉल बसला आणि चष्मा शाबूत राहिला तरी डोळ्यात रक्त दिसलं, अंधुक दिसायला लागलं, काळे ठिपके किंवा चमक दिसली, उलटी झाली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. चोळायचं नाही, दाबून पट्टी बांधायची नाही, काही रुतलं असेल तर काढायचं नाही, कागदी कप उलटा धरून झाकायचं आणि निघायचं.

राहता राहिलं ते दुकानात फसवणूक कशी पकडायची. "अनब्रेकेबल" हा शब्द फायबरलाही लावतात आणि पॉलीलाही, त्यामुळे तो शब्द ऐकून पैसे देऊ नका. बिलावर पॉलीकार्बोनेट असं लिहून घ्या आणि लेन्सचा पाकीट-लिफाफा मागा, त्यावर इंडेक्स १.५९ किंवा १.५८६ छापलेला असतो, फायबरवर १.४९ किंवा १.५०. चष्मा हातात आला की घरी एक तपासणी करता येते, लॅपटॉपवर पूर्ण पांढरा स्क्रीन उघडा, कुणाचा तरी पोलराइज्ड गॉगल मागून घ्या, गॉगल डोळ्यासमोर धरून इतका फिरवा की स्क्रीन काळी दिसेल, आणि मग मुलाचा चष्मा स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये धरा. पॉली साच्यात दाबून ओतलेली असते म्हणून तिच्यात पूर्णभर रंगीत पट्टे, इंद्रधनुष्यासारखे ढग दिसतात, फायबरमध्ये बहुतेक काहीच नाही किंवा जिथे फ्रेम दाबते तिथेच थोडं. हीच तपासणी फ्रेम फार घट्ट आहे का तेही दाखवते, एकाच कोपऱ्यात रंग खूप दाटलेले दिसले तर चष्मा परत न्या आणि लेन्स कडेने किंचित घासून परत बसवून द्या म्हणावं, ते फुकट करून देतात.

आणि १९०० ला घासाघीस करून बघा, ब्लू कट काढून टाकलं की बऱ्याचदा तीन-चारशे सहज कमी होतात.